टाकीमागचा अनंत

प्रिय तेजू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे बाजूला ठेवलं असशील, तर हक्क आहे तुझा. सहा वर्षांत मी तुला साधा फोन केला नाही आणि आता एकदम चार पानी पत्र. फोनवर मला आवाज चढवायची सवय आहे, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? म्हणून म्हटलं, लिहावं. लिहिताना निदान मधे थांबता येतं.

आई बरी आहे. पंचाहत्तरी उलटली, गुडघे कुरकुरतात, पण सकाळी सात वाजता गच्चीवर हजर. महाडच्या या घरात गच्ची म्हणजे तिचंच राज्य, बावीस कुंड्या आहेत. गेल्या दिवाळीपासून तिला एक शिष्या मिळाली आहे. माझी स्नेहल, तू शेवटचं पाहिलंस तेव्हा चार वर्षांची होती, आता दहाची आहे. शाळेच्या पुस्तकातल्या दोन ओळी धड न वाचणारी ही पोर आजीजवळ तासभर पानं वाचत बसते. हो, वाचतच. आईचा शब्द तोच आहे.

आधी मी हसायचो. मग एकदा चहा घेऊन वर गेलो आणि ऐकतच राहिलो. आई कुठल्याही झाडाजवळ गेली की पहिला प्रश्न ठरलेला. "आधी कंचं पान आजारी पडलं गो? वरचं का खालचं?" खालचं जुनं पान सगळंच्या सगळं पिवळं पडत असेल, तर झाड उपाशी आहे, जुन्या पानातलं काढून ते नव्याला भरवतंय. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, तर दुखणं निराळं. मग पान उलटं करायचं. जास्वंदीला मुंग्या चढताना दिसल्या तेव्हा स्नेहलनेच पान उलटून पांढरे पिठ्या ढेकूण शोधले आणि ओल्या फडक्याने एकेक पुसले. पान एकाच अंगाला, उन्हाच्या बाजूला करपलं असेल तर ते ऊन. सगळ्या पानांची टोकं तपकिरी झाली असतील तर पाण्याची आबाळ किंवा खताचा अतिरेक. आणि मान टाकलेल्या झाडाला लगेच पाणी घालायचं नाही, आधी दोन पेरं बोट मातीत घालायचं. आपली आई चौथी शिकलेली, तेजू. मला इतका अभिमान वाटला तिचा आणि तेवढीच लाजही वाटली, की चाळीस वर्षं एका घरात राहून मी हे कधी विचारलं नाही.

आता माझा पराक्रम ऐक. फेब्रुवारीत नदीतून काढलेल्या गाळाचे ढीग काठावर पडले होते. रायगडाखाली हिरकणीवाडीच्या स्टॉलवाल्यांना पाण्याचे बॉक्स पोचवून माझा टेम्पो रिकामाच परतत होता. आपल्याकडे शेतात गाळ पडला की भात कसं मातून येतं, हे लहानपणापासून बघितलेलं. भरली आठ पोती. आईला म्हटलं, तुला सोनं आणलंय. आणि त्याच उत्साहात बारा कुंड्यांमधली माती उपसून मी त्यात गाळ भरला, वर मुठीने चांगला ठोकून बसवला. आई बाजूला उभी होती. उपसलेली माती तेवढी तिने गोणीत भरून ठेवली.

त्यातली एक कुंडी तुझ्या अनंताची.

बारावीच्या वर्षी तू लावलेला तो अनंत आहे अजून. तू गेलीस त्या आठवड्यात मी आईला सांगितलं होतं, हे झाड फेकून दे. तिने ते पाण्याच्या टाकीमागे नेऊन ठेवलं. तिथे आहे हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तिला. सहा वर्षं मी त्या बाजूला फिरकलो नाही. गाळ भरायच्या नादात फिरकलो.

एप्रिलमध्ये त्याची शेंड्याची पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. मी मूठभर युरिया टाकला. पानांची टोकं जळली. मग मला वाटलं तहानलंय, म्हणून येता-जाता पाणी. कळ्या गळल्या, झाडाने मान टाकली. तुझं झाड मी मारतोय असं वाटायला लागलं, आणि ज्याला फेकायला सांगितलं होतं त्याच्यासाठी मी खतवाल्याकडे चकरा मारत होतो. हसू नकोस.

एका सकाळी स्नेहल मला हाताला धरून तिथे घेऊन गेली. म्हणाली, "बाबा, याला जेवण नको. वरची पानं पिवळी, म्हणजे जेवण आहे पण मुळांना घेता येत नाय. आणि रात्रभर गारव्यात राहूनसुद्धा पानं उठली नाहीत, माती ओली आहे, म्हणजे तहानही नाय. तुमच्या गाळानं मुळांचा श्वास कोंडलाय." दहा वर्षांची पोर! मी ओरडलो तिच्यावर, नेहमीप्रमाणे. तेव्हा आई म्हणाली, "वरडू नको रे. कुंडी आडवी कर, तुझं तुलाच दिसंल."

आडवी केली, थोपटली. गाळ विटेसारखा अख्खा निघाला. खालचं भोक लिंपून गेलेलं, आंबूस वास, निम्मी मुळं काळी आणि बोटाने ओढली की साल हातात येणारी. आईने स्नेहलकडून बादलीत मुळं धुऊन घेतली, काळी तेवढी कापली, पांढरी ठेवली. मुळं कमी झाली म्हणून वरच्या फांद्याही छाटल्या. जाड वाळू, कुजलेला पाला, थोडी जुनी माती, आणि सावली. खत नाही. पाणीसुद्धा बोट घालून बघितल्याशिवाय नाही. बाकीच्या अकरा कुंड्यांचा गाळही मीच उपसला.

त्या दिवशी मी आईला विचारलं, गाळ कुंडीत घट्ट बसतो हे तुला माहीत होतं, मग मला थांबवलं का नाहीस? ती हात धूत होती. म्हणाली, "सा वर्सांनी तू तेजूच्या झाडाला हात लावलास. म्हटलं, लावू दे. झाड काय, वाचवता येतंय."

मी गच्चीवरच बसून रडलो, तेजू. स्नेहल घाबरून खाली पळाली.

पाच आठवडे काहीच हललं नाही. जळकी पानं तशीच होती. आई स्नेहलला सांगायची, ती आता सुधारायची नाहीत, त्यांच्याकडे बघू नको, शेंडा बघ. जूनच्या शेवटी शेंड्यावर दोन पानं आली, नखाएवढी, शिरांसकट सगळी हिरवी. स्नेहलने मला झोपेतून उठवून दाखवली.

छाटलेल्या फांद्यांमधून तिने तीन हिरव्या काड्या निवडून वाळूत खोचल्या होत्या. दोन गेल्या. तिसरीला नवी पानं फुटली आहेत आणि हळूच ओढून पाहिलं तर ती धरून बसते, म्हणजे मूळ सुटलं. ती तुझी आहे, असं या आजी-नातींनी मला न विचारताच ठरवलंय. म्हणून हे पत्र. तू बुद्धरत्नांशी लग्न ठरवलंस तेव्हा त्यांची जात काढून मी आपल्या दारात जे बोललो, ते माझ्या तोंडातून गेलं आणि ते मला परत घेता येत नाही. चूक माझी होती, सगळीच. त्यांना हे पत्र वाचून दाखव आणि विचार, पुढच्या रविवारी मी पनवेलला तुमच्या दाराशी आलो तर चालेल का. ते हो म्हणाले तर तिघं येऊ. नाही म्हणाले तर आई आणि स्नेहल एस.टी.ने रोप घेऊन येतील. मी त्यांना महाडच्या स्टँडवर बसवून देईन आणि परत फिरेन.

तुझाच, अजून म्हणू देत असशील तर,
प्रवीणदादा