कारल्याच्या वेलाचं आणि रुक्मिणीबाईच्या नावाचं मृत्युपत्र

मी, वामन सखाराम खैरनार, वय त्रेसष्ट, मामलेदार कचेरीतला निवृत्त कारकून, राहणार नंदुरबार, जिल्हा पश्चिम खानदेश, हे स्वहस्ते लिहितो. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. शेजाऱ्यांचं मत वेगळं आहे, पण ते मला कोणी विचारलेलं नाही. मजवर कोणाचा दाब नाही. असता तरी मी तो जुमानला नसता.

घर. दुमजली, रस्त्याच्या बाजूने लाकडी सज्जा. ते माझा पुतण्या लोटन यास देतो, कारण दुसरं कोणी नाही. लोटन, माझ्या बायकोच्या तेराव्याला तू जेवणाआधी घराच्या भिंती मोजल्यास, ते मी पाहिलं होतं. घर घे. सज्ज्यातली मातीची कुंडी व तिच्यातला वेल मात्र घरात मोजू नये.

पोस्टातली शिल्लक मुलींच्या शाळेस द्यावी. माझा टाक, दौत आणि आखणीची पट्टी माझ्यासोबत जाळावी. लोटनच्या हाती पट्टी नको.

आता रतिलाल. रतिलाल माझ्या समोर राहतो. कापसाची दलाली करतो आणि उरलेल्या वेळात माझ्या सज्ज्याकडे पाहतो. त्याला मी काहीही देत नाही. का देत नाही, ते लिहिणं भाग आहे.

माझी पत्नी रुक्मिणीबाई चार वर्षांपूर्वी वारली. तिच्या माहेरच्या कारल्याचं बी ती दरसाल धरायची; राखेत घोळवून पत्र्याच्या डबीत ठेवायची. ती गेली तेव्हा डबीत अकरा बिया होत्या. ते बी आता तिच्या माहेरीही उरलेलं नाही, मी पत्र टाकून विचारलं. पहिल्या वर्षी मी पाच बिया ऐन थंडीत लावल्या, त्या कुजल्या. दुसऱ्या वर्षी चार लावल्या आणि शेणखत इतकं घातलं की नुसता पाला माजला, फूल एक नाही. फायली सांभाळणं आणि वेल सांभाळणं एक नव्हे, हे उशिरा कळलं. राहिल्या दोन. या जेठात त्यांची टोकं दगडावर जराशी घासून, रात्रभर भिजवून लावल्या. एक उगवलीच नाही. दुसरी उगवली. ती गेली की रुक्मिणीचं सगळंच गेलं, असं मी मनाशी धरून बसलो.

वेल चढला, शेंडा खुडला, फांद्या फुटल्या, किडे लागू नयेत म्हणून मी सज्ज्याला मच्छरदाणी लावली, आणि श्रावणात पिवळी फुलं आली. अहाहा! गल्ली जमली. तीन वर्षं ज्यांनी माझ्या कुंडीला हसून घेतलं, ते वर माना करून उभे. पंधरा दिवस फुलं उमलली आणि गळाली. मग काही फुलांच्या देठाशी बोटाच्या पेराएवढं खरबरीत कारलं दिसू लागलं. तीही पिवळी पडून गळाली. तेव्हा रतिलाल भर गल्लीत ओरडला, "मास्तर, घरच वांझ, तर वेल काय फळेल?" मी मास्तर नाही. आणि हेच वाक्य त्याची आई रुक्मिणीच्या तोंडावर बोलली होती, हळदीकुंकवाच्या दिवशी, ओटी न भरता तिला दारातून परत लावताना.

मला दृष्टीचा संशय आला. मी वेलावर काळी बाहुली टांगली, खाली जुनं पायताण बांधलं, आणि मच्छरदाणीवरून अख्खा सज्जा रुक्मिणीच्या लुगड्याने झाकून घेतला. पहा म्हटलं आता काय पाहता ते! नगरपालिकेत अर्जही दिला की रहदारीस अडथळा होईल असे माना वर करून उभे राहण्यास मनाई व्हावी. अर्जास उत्तर नाही. वेलाखाली नऊ बाळकारली गळून पडली. मी ती एकेक उचलून ठेवली.

दहावं कळीत होतं. भादव्यातल्या एका सकाळी, उजाडताच, शेजारच्या सज्ज्यातून लुगड्याखाली हात घालताना मी नजमुन्निसाबाईस पकडलं. ह्या शेजारच्या निजाम नावाच्या रंगाऱ्याच्या पत्नी. आमच्या सज्ज्यांमध्ये एक फळी आहे, एवढंच अंतर. त्यांच्या चिमटीत माझं फूल होतं. मी चोर, लबाड, जे सुचलं ते बोललो. बाई हलली नाही.

"चोरी नही भाऊसाहेब," ती म्हणाली. "हाऊ नर शे. बारीक देठना, खाले काहीच नही. आणि हाई मादी, हिना खाले कारलं शे. नरनी भुकटी हिले लागनी तरच कारलं धरस. मधमाशी करस ते काम. तुम्ही तिले येऊच देतस नही."

"मग फुलं गळतात ती?"

"नर तं गळावच. मादी बी गळस, एकली ऱ्हायनी तं." तिने पाकळ्या मागे सारून नराचा मधला पिवळा भाग मादीच्या मध्याला हलकेच तीनदा टेकवला. "सकायलेच करनं पडस. दुपारे फूल मिटी जास. आणि भाऊसाहेब, दोष मादीना नही, बरं का. झाकणारना शे."

चार दिवसांनी ते कारलं हिरवंच होतं, वाढत होतं. मी लुगडं काढलं, मच्छरदाणी काढली, बाहुली काढली. मधमाश्या आल्या, गल्लीही आली. आज वेलावर सात कारली आहेत. फळमाशी डंख करू नये म्हणून त्यांना कागदाच्या पिशव्या बांधल्या आहेत. सहा खाण्याची. दहावं, म्हणजे बाईंनी धरवलेलं, बियाण्याला ठेवलं आहे. ते केशरी होऊन फाटेल. आतला लाल गर धुऊन बी सावलीत वाळवायचं आणि राखेत घोळवायचं.

ते बी, कुंडी, डबी आणि सज्ज्यात येण्याचा हक्क मी नजमुन्निसाबाईस देतो. लोटनने फळीवर भिंत घालू नये. घातल्यास घर शाळेस जावं.

रतिलाल साक्षीदार राहील. साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेऊ नये, हा कायदा आम्हा हिंदूंस लागत नाही, असं वकील सांगतात. मला तो आवडला, म्हणून मी लावतो. त्याला एक बीसुद्धा नाही. त्याच्याकडे एकच काम: माझ्या तेराव्याला, माझ्या सज्ज्यात उभं राहून, गल्लीस ऐकू जाईल अशा आवाजात पुढचं कलम वाचणं.

तेवीस वर्षांपूर्वी मी व रुक्मिणी धुळ्यास डॉक्टरकडे गेलो होतो. दोघांना तपासून त्यांनी मला एकट्याला आत बोलावलं आणि सांगितलं की, बाईत दोष नाही, दोष तुमच्यात आहे. मी बाहेर येऊन तिला म्हणालो, "देवाची मर्जी." तिने ते मानलं. रतिलालच्या आईने तिला दारातून परत लावलं, तेव्हा मी खाली गल्लीत कचेरीची छत्री झटकत उभा होतो आणि गप्प राहिलो. एकोणीस वर्षं, ती जाईपर्यंत, मी तिला झाकून ठेवलं. रतिलाल, तुझ्या आईवर राग धरण्याचा हक्क मला नव्हता. तरी तो मी सोडत नाही.

रुक्मिणीबाई वांझ नव्हती. वांझ मी, वामन सखाराम खैरनार.

हे रतिलालने दोनदा वाचावं.

ठिकाण: नंदुरबार. तारीख १४ ऑक्टोबर १९३७.

सही: वामन सखाराम खैरनार

आमच्या समक्ष सही केली:
१. रतिलाल, कापूस दलाल. (अखेरचं कलम वाचून सही केली. दोनदा वाचीन.)
२. भिकन, कचेरीतला शिपाई. डाव्या अंगठ्याची निशाणी.