सलीमचं दोन ओळींचं उत्तर

मंगळवार, संध्याकाळचे सात

लेथवरचं हत्यार बोथट झालं की मला आवाजावरून कळतं. कुणी शिकवलं नाही, माझं मीच शिकलो. पण आता डावा कान दगा देतोय. हे आज शिफ्टमधल्या सलीमला मेसेजवर कळवलं आणि लगेच लाज वाटली. आता कीव करील, नाहीतर डॉक्टरांची नावं देईल.

उत्तर आलं, "भाऊ, सांगितलं ते लई बरं केलं. उद्यापासून मी उजवीकडं उभा राहतो."

एवढंच? आधी रागच आला. मग पुन्हा वाचलं. उजवीकडं! म्हणजे कोणता कान, हे त्यानं नीट ध्यानात ठेवलं. सल्ला नाय, कीव नाय; गड्यानं फक्त स्वतःची जागा बदलली.

मी लिहिलं, "हळू बोललास तर याद राख."

"आधी कधी ऐकलंय माझं?"

किती दिवसांनी एवढा हसलो!