शेनबाईंच्या दारातून निघताना

१४ ऑक्टोबर, नानजिंग

लंगड्या माणसाला ‘हळू चाल’ असं म्हणणाऱ्याला काय मिळतं? मला खरंच सांगता येणार नाही.

शेनबाईंच्या घरी प्रबंधाचं प्रकरण तपासून झालं. बाकीचे विद्यार्थी धडाधड जिना उतरून गेले, मी नेहमीसारखी शेवटची. दारात बाई हसून म्हणाल्या, “मान झोऊ!” खोलीवर येऊन शब्दकोश उघडला. मान म्हणजे हळू, झोऊ म्हणजे चाल. मार्गदर्शक असं बोलतात? तेही हसत!

१८ ऑक्टोबर

फळवालीही तेच म्हणाली. बाईंनी गल्लीत सांगून ठेवलंय की काय?

२१ ऑक्टोबर

आज हद्द झाली. बाई माझ्यामागे चार मजले उतरल्या! कठडा धरून, एकेक पायरी, नजर खाली — माझ्या पायावर. मी तोंडातून शब्द काढला नाही. काढला असता तर रडूच आलं असतं. फाटकाशी पुन्हा तेच, “मान झोऊ.” आणि मी वळणाआड होईपर्यंत तिथेच उभ्या. मी चालते कशी ते बघायला!

फोनवर आई म्हणाली, “बाई जीव लावतात ना गं?” हो म्हणाले. घरातली पहिली पदवीधर मी. तिला दुसरं काय सांगू?

२२ ऑक्टोबर

विभागप्रमुख गाओ सरांना भेटले. मार्गदर्शक बदलून हवाय म्हटलं. “बाईंशी बोलतो, सोमवारी ये.”

२५ ऑक्टोबर

लू ताई आली. बाईंची जुनी विद्यार्थिनी. दारातच तडकली — “धाकटे, बाईंना सोडून चाललीस? तुझ्यामागे जिना उतरून गुडघा सुजलाय त्यांचा!”

“मी बोलावलं होतं? लंगडी कशी चालते ते बघायला आल्या!”

ताई म्हणाली, “अगं, ‘मान झोऊ’ मलाही म्हणतात. कुलगुरूंनाही! पाहुणा निघाला की म्हणायचंच.”

“मग खाली का आल्या?”

“तू थांबवलं नाहीस म्हणून! आपण दारातच म्हणायचं, ‘थांबा, पोचवू नका.’ त्या तरी दोन पावलं येणार. पुन्हा अडवायचं. मी तर बाहेरून दारच ओढून घेते! तू मात्र ढिम्म. मध्येच परत फिरल्या तर तुझा अपमान, म्हणून आल्या बिचाऱ्या फाटकापर्यंत.”

एसटीत बसवताना आई म्हणाली होती, “सावकाश जा गं.” तेव्हा पाय मनातही आला नव्हता.

२७ ऑक्टोबर

गाओ सर म्हणाले, बाईंची हरकत नाही. वर म्हणाल्या, ‘पोरगी कष्टाळू आहे, सांभाळा.’

मला बाईच हव्यात, असं सांगून उठले. सर पोचवायला दाराकडे निघाले. “थांबा, पोचवू नका!” — इतक्या जोरात ओरडले मी, की शेजारच्या खोलीतले लोक बाहेर आले.