कोटाच्या बाह्या आणि चार ओळी

चष्मा नव्हता जवळ, म्हणून झालं ते. आणखी काही नाही. उगाच लांबण लावू नये कुणी.

तर धाकट्या, आशीर्वाद. तुझी तब्येत बरी असेल, नसली तरी तू सांगणार नाहीस. माझ्या भावजयीच्या गुडघ्याला आता कसं आहे? तिला म्हणावं, जिने चढणं बंद कर आणि तुझ्या नवऱ्याला चढव. मी बरी आहे. दुकान चालू आहे, शिलाई मशीनचा पट्टा बदलला. फोनवर तुला माझा आवाज नेमका ‘तुटक येतो’ (भिंगरीचा विषय निघाला की जास्तच), म्हणून कागदावर लिहिते. कागद तुटक येत नाही.

भिंगरी, तुझीच लेक, सोमवारी कामावर रुजू झाली. पाण्याची तपासणी करतात ना, त्या प्रयोगशाळेत. तुझ्या ऑफिसात तू तिच्यासाठी तुझ्या टेबलाशेजारची खुर्ची राखून ठेवली होतीस, ती नको म्हणून पोरगी माझ्याकडे आली, त्याला चार महिने झाले. तू म्हणालास, महिन्याभरात परत येईल, आणि तेव्हापासून तिच्याशी बोलला नाहीस. हे तुला माहीत आहे. मी फक्त लिहून ठेवते, मागाहून कुणी म्हणायला नको की म्हातारी विसरली.

शनिवारी कागदपत्रं द्यायला गेली तेव्हा तिला तिथला पांढरा कोट मिळाला, छातीवर तिच्या नावाची पट्टी लावलेला, आणि गळ्यात घालायचं ओळखपत्र. कोट एक माप मोठा. मी लगेच कात्री काढली, तर म्हणते, आत्या, तो त्यांचा आहे, हात लावू नकोस. मग बाह्या दोनदा दुमडल्या. सोमवारी सकाळी दुकानाच्या दारात मी फोटो काढला. (कोपऱ्यात माझं बोट आलंय, ते तिने कापलं.) ओळखपत्र उलटं करून घेतलं, कारण त्यावरचा नंबर जगाला दाखवायचा नसतो म्हणे. कामाच्या जागी आत फोटो काढायला बंदी आहे, म्हणून दारातच. लगेच कोट काढून, घडी घालून पिशवीत. इथवर सगळं शहाण्यासारखं.

मग म्हणाली, आता फोटोखाली काय लिहू? मी म्हटलं, डोळे आहेत लोकांना, दिसतंय की, कोट घातलेली पोरगी आहे. तर नाही. म्हणे, लिहावंच लागतं. त्यातही पहिली ओळच तेवढी दिसते, बाकीचं वाचायला लोकांना बोट लावावं लागतं, आणि बोट कुणी लावत नाही. म्हणजे जे काय सांगायचं ते पहिल्या दमात. आनंद झालाय हे कळलं पाहिजे, पण मिरवलेलं दिसू नये. धास्ती वाटतेय हे लपवू नये, पण नव्या मॅडमनी वाचलं तर हिच्या हाती पाण्याची बाटली द्यावी की नाही असं त्यांना वाटू नये. आणि नम्र असावं, पण खोटं खोटं नको. मी म्हटलं, बाई गं, एवढं तर मी लग्नाच्या ब्लाऊजलासुद्धा करत नाही.

दुपारच्या सुट्टीत टाकणार होती. जाताना चार मसुदे माझ्या फोनवर पाठवून गेली, यातला कुठला ते सांग म्हणून. प्रत्येकाखाली तो का नको, हेही तिनेच लिहिलेलं. पहिला: ‘कळवताना अत्यंत आनंद होत आहे की.’ (नळाचं पाणी दोन दिवस बंद राहील, असं पुढे येईल की काय वाटलं.) दुसरा: ‘स्वप्न खरं झालं,’ पुढे तीन उद्गारचिन्हं. खाली हिची टीप: बाबा म्हणतील, उडायला लागली. तिसरा: ‘पोटात गोळा आलाय, सांभाळून घ्या.’ टीप: बाबा म्हणतील, मी म्हटलं नव्हतं? चौथा: ‘मी काहीच नाही, सगळे मोठ्यांचे आशीर्वाद.’ टीप: बाबा विचारतील, कुणाचे? (हा मला स्वतःलाच आवडला नाही. या नोकरीची तीन तास परीक्षा हिने दिली, मी बाहेर शेंगदाणे खात बसले होते. मी काहीच नाही म्हणे.)

मला आता उत्सुकता लागली. गिऱ्हाईक सोडून मी दोन तास लोकांचे पहिल्या दिवसाचे फोटो बघत बसले. कुणी कंपनीचं नाव चिकटवलंय, कुणी वीस जणांचे आभार मानलेत, एकाने तर ‘विनम्रपणे’ लिहून स्वतःचे सात फोटो टाकलेत. सगळे एकाच कापडातून कापल्यासारखे. मग माझ्या डोक्यात आलं, अरे, हे तर मी दुकानात रोज बघते! माणूस नवा कपडा घालून पडद्याबाहेर येतो, तेव्हा खूशही असतो, घाबरलेलाही असतो आणि लाजलेलाही. म्हणतो काय? ‘जरा सैल वाटतोय का?’ बस्स. आणि तीस वर्षांत एक बघितलंय, असं विचारताना तो आरशाकडे बघत नाही. सोबत जो आलाय त्याच्याकडे बघतो.

म्हणून मी तिला उत्तर लिहिलं. लिहिलं की बाकी सगळं खोड. कोट मोठा आहे ते लिही. बाह्या दुमडल्यास ते लिही. छातीवरच्या पट्टीवरचं स्वतःचं नाव सकाळपासून चारदा वाचलंस, मी बघितलं, तेही लिही. आणि बाप काय म्हणेल म्हणून एकेक ओळ कापत बसू नकोस, तो काही म्हणतच नाही, तेच तर दुखणं आहे. खाली तिचे चारही मसुदे टिपांसकट जोडले आणि पाठवलं. ते गेलं घरच्या ग्रुपवर. जिथे एकेचाळीस माणसं आहेत आणि तू आहेस, बोलत नाहीस पण असतोस.

सुट्टीत तिचा फोन. ‘आत्या, अगं काय केलंस हे! बाबांनी वाचलं असेल!’ पुसता येतं म्हणे, पण तोवर आपल्या चुलतभावाने ‘अभिनंदन’ लिहून वर केक पाठवला होता. तिने पुसायलाही सांगितलं नाही शेवटी. म्हणाली, ‘वाचलंच आहे तर वाचू दे.’ आणि फोटो टाकला. खाली लिहिलं: ‘पहिला दिवस. कोट एक माप मोठा मिळालाय. बाह्या दोनदा दुमडल्या, पट्टीवरचं स्वतःचं नाव चारदा वाचलं आणि कामाला लागले.’

एक टाका इकडचा तिकडे नको. मी बघितलंय.

आता ती संध्याकाळी येते, हातपाय धुते, आज काय काय तपासलं ते सांगते (नळाचं पाणी पिताना आता मला ग्लासात डोकावायची सवय लागलीय) आणि मग फोन घेऊन फोटोखाली कुणी कुणी काय लिहिलं ते बघते. शंभराच्या वर माणसं झाली. ती वरून खाली जाते, परत खालून वर येते. कुणाला शोधते, ते मी विचारत नाही. तू विचार स्वतःला.

तुझी ताई

ता. क. फोटोखाली एक ओळ लिही. अंगठा नको, फुलं नकोत, केक तर मुळीच नको. शब्द लिही. जमत नसेल तर ‘कोट बरा दिसतो’ एवढं लिही. तू तिच्यासोबत इथवर आला नाहीस, निदान पडद्याबाहेर तरी उभा राहा.

आणखी एक ता. क. चष्मा नाकावरच होता. त्या दिवशी सकाळीच पुसला होता. याच्यापुढे मला काही विचारू नकोस, मी एक अक्षर सांगणार नाही.