आई का हलली?

तात्या, एका प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडून मिळायचं राहूनच गेलं. फोटो काढताना तुम्ही आईला काय म्हणालात?

तुमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हाची गोष्ट. फोटोची टूम माझीच. आई म्हणाली, "वाढदिवस पोरांचा असतो, लग्नाचा कसला गं?" तरी तिथीला पंचवटीत रामाचं दर्शन झाल्यावर पूल ओलांडून आपण फोटोवाल्याकडे गेलो. मागे जिना रंगवलेला पडदा, तुम्ही खुर्चीवर, आई शेजारी उभी. फोटोवाला काळ्या कापडाखालून डोकं काढून म्हणाला, "आता हलायचं नाही, श्वास धरा." तो भिंगावरचं झाकण काढणार, तेवढ्यात तुमचे ओठ जरासे हलले. मी पाहिलं. झाकण निघालं आणि आई हसली.

फोटो आला तो असा: तुम्ही न्यायाधीशासारखे गंभीर, आणि आईचा चेहरा पाण्यात पडल्यासारखा पुसट. पुन्हा पैसे मोजून दुसरा फोटो काढण्याची गोष्ट आपल्या घरात निघणं शक्य नव्हतं. "ट्रंकेत तळाशी टाक," आई म्हणाली. "भिंतीवर लावून लोकांना काय हसवायचंय?" डोळे भरले होते तिचे. एकुलता एक फोटो तुमचा दोघांचा, तो ट्रंकेत कसा जाऊ द्यायचा? मी म्हटलं, खाली ओळ लिहिते, मग बघ.

पुठ्ठ्याला फोटोखाली दोन बोटं जागा, म्हणजे एकच ओळ. आधी पाठकोऱ्या कागदावर लिहून पाहिलं. "चि. सौ. कां." असं सुरू केलं, तर तुम्ही म्हणालात, "ही तर पत्रिका झाली. मुहूर्तही घाल." मग लिहिलं, "पंचवीस वर्षांत आई प्रथमच गप्प." आईनं कागदच उलटा ठेवला. "म्हणजे मी भांडकुदळ!" तेव्हा कळलं, ज्याचा चेहरा बिघडलाय त्याच्यावर विनोद करायचा नाही, जो साळसूद बसलाय त्याला धरायचं. पुसटपणा लपवायचाही नाही, कारण बघणाऱ्याची नजर आधी तिथंच जाणार. शेवटी पेन्सिलीनं मापून टाकानं लिहिलं:

"लग्नास पंचवीस वर्षे. आई हलली, कुणामुळे, ते तात्यांच्या गंभीर चेहऱ्यावरून ओळखावे."

आईनं वाचलं, पुन्हा वाचलं. "खोटं नाही हो यातलं काही," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. तुम्ही चष्मा पुसत राहिलात. "देवघराच्या बाहेरच्या भिंतीला लाव," ती म्हणाली, "येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल तिथं." मग मी तिला पुष्कळदा विचारलं, काय म्हणाले तात्या? "ते त्यांनाच विचार." आणि तुमचं उत्तर, "मी? मी तर श्वास धरला होता."

आता तुम्ही दोघंही राहिला नाहीत. कुणी फोटो पाहून विचारलं, तर मला सांगता येत नाही.

आमच्या लग्नालाही पंचवीस झाली तेव्हा फोटोवाल्याकडे गेलो होतो. खरं सांगते, मीही ऐन वेळी ह्यांच्या कानाशी काहीबाही पुटपुटले. हे वळून म्हणाले, "काय? मोठ्यानं बोल." फोटोत ह्यांना तोंडच नाही, आणि मी मात्र अगदी स्पष्ट, हसताना. त्याखाली अजून काही लिहिलेलं नाही.