भोंग्यावरची नक्कल

मुनीमजी, तुमच्या जागी आता मी बसते. खुर्ची ती नाही, ती कधीच मोडली, पण खिडकी तीच आहे. इथून वजनकाटाही दिसतो आणि फाटकाबाहेरची कापसाच्या गाड्यांची रांगही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की जिनिंगमधल्या नव्या लोकांना तुम्ही कोण हे सांगावं लागतं. सीझन संपत आलाय, नाकातोंडात रुई गेली आहे, संध्याकाळी घरी गेल्यावर बोलायचीही इच्छा उरत नाही. अशात शेठनी एक भानगड माझ्या गळ्यात घातली. म्हणाले, बाई, तुम्हीच काय ते ठरवा. मला तुमची आठवण आली, कारण या बाबतीत मला जे थोडंफार कळतं ते तुमच्यामुळेच.

काट्यावर यंदा एक मुलगी आहे, मुकुटबनकडची. घरी कोलामी बोलतात, आजूबाजूला तेलुगू, त्यामुळे तिच्या मराठीला एक वेगळाच हेल आहे. तो मी इथे लिहून दाखवत नाही. आता तेही नकोसं वाटतं. काम मात्र तिनं पटकन उचललं. भरली गाडी मोजायची, ती कापसाच्या गंजीवर रिकामी होऊन आली की पुन्हा मोजायची, आणि पुढच्या गाडीला भोंग्यावरून हाक द्यायची: नंबर, गाव, या काट्यावर. आपला ग्रेडर नेरचा आहे, दिवसभर कापूस हातात घेऊन प्रत पाहतो आणि तोंड बंद ठेवत नाही. त्याला तिचा हेल सापडला. आधी चहाच्या वेळी नक्कल केली, मग एकदा माइकच उचलला आणि तिच्याच सुरात पुढची गाडी बोलावली. रांगेतले ट्रॅक्टरवाले खो खो हसले. तीही हसली. मीसुद्धा खिडकीतून पाहिलं आणि म्हटलं, चालायचंच, माणसं दमलेली आहेत.

मग तिनं शेठना जाऊन सांगितलं की मला काट्यावरून काढा, रुईच्या गठाणींच्या गोदामात टाका. तिथं गठाणींवर नंबर मारायचे आणि कोणाशी बोलायचं नाही. शेठना वाटलं बोलणं समजत नाही म्हणून कोणी तक्रार केली असेल. मी स्वतः फाटकाबाहेर जाऊन रांगेत विचारलं. एक म्हातारबुवा म्हणाले, "समजत कायले नाही बाई, पोरगी चांगली फोडून सांगते." म्हणजे प्रश्न समजण्याचा नव्हताच. ग्रेडरला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, मज्जाक हाये. ते बी हासते ना!" आणि खरंच, तो तसा वाईट माणूस नाही. तिची आई आजारी होती तेव्हा शेवटची बस गाठून द्यायला हाच तिला मोटरसायकलवर घेऊन गेला होता. मला म्हणूनच जास्त वैताग आला. माणूस वाईट असता तर ठरवणं सोपं होतं.

मी तीन-चार दिवस नुसती पाहत राहिले. तुम्ही मला कापूस पाहायला शिकवलंत तसं. वरचा नको, हात आत घालून पाहा म्हणायचात. तेव्हा दिसलं की ती हसते ते त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आधी. दिसलं की तिची हाक आखूड होत चालली आहे. आधी गाव गळालं, मग "या काट्यावर" गळालं, नुसता नंबर उरला. आणि एका दुपारी तर ती माइक तसाच ठेवून उन्हात बाहेर गेली आणि हाताने खुणा करून एकेक गाडी आत घेऊ लागली. धुळीत, डोक्यावर ओढणी घेऊन, प्रत्येक गाडीपाशी. बोलावं लागू नये म्हणून माणूस एवढं चालतं.

मुनीमजी, तुम्हीही माझी नक्कल करायचात. मी बंजारा तांड्यावरून आलेली, घरी गोरबोली, आणि वजनं वाचताना शेवटचा शब्द लांबवायची. तुम्ही तस्साच लांबवायचात. पण ते आतल्या खोलीत, चहाच्या वेळी, आपण दोघं असताना. आणि मीही तुमचं खाकरणं आणि शेठसमोरचं हिंदी हुबेहूब करून दाखवायचे, तेव्हा तुम्ही डोळे पुसेपर्यंत हसायचात. मग एक दिवस बाहेरचे व्यापारी बसले होते आणि तुम्ही माझ्या वाचनाची नक्कल त्यांच्यासमोर केलीत. ते हसले. त्यातला एक म्हणाला, "जरा फिरसे बोलो ना बेटी." मी बोलले. कान नुसते भाजत होते. तोच हेल, तेच तुम्ही, तीच थट्टा. फक्त त्या व्यापाऱ्यांसमोर मी तुमची नक्कल उलट करू शकत नव्हते. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एक पिकलेलं सीताफळ होतं. तुम्ही काही बोलला नाहीत, आणि त्यानंतर माझी नक्कल कधीच केली नाहीत. आतल्या खोलीतही नाही.

शेवटी एकदा काट्यावरची गाडी गेल्यावर मी त्या मुलीशेजारी जाऊन बसले. "तुले राग येते का त्याचा?" म्हटलं. "नाही मॅडम, मज्जाक करते ते." हे उत्तर येणारच होतं. माझ्यासारख्या वरच्या जागेवरच्या बाईला ती दुसरं काय सांगणार? मग तुमचं सीताफळ आठवलं आणि मी वेगळं विचारलं. "उद्यापासून त्यानं हे बंद केलं, तं तुले चुकल्यासारखं वाटन का हलकं वाटन?" काट्यावर काही नव्हतं, तरी ती आकड्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सकाळी डबा भरतानाच पोटात गोळा येते मॅडम. आज किती डाव बोला लागन म्हनून."

ग्रेडरला मी चारचौघांत बोलले नाही, गंजीच्या मागे नेलं. तो चिडलाच. "चाचाले तं मी रोज चिडवतो, थो कुठं रडते?" चाचा म्हणजे आपले फिटर, मराठीत निम्मं उर्दू. मी म्हटलं, "चाचा तुह्या नेरच्या बोलीची रोज सालं काढते. परवा तं सुरुवातच त्यानं केली. इनं कधी तुही नक्कल केली? आन् चाचाचं वर्कशॉपात चालते, इचं साऱ्या रांगेसमोर." त्याने गंजीतला थोडा कापूस काढून उगाच प्रत पाहिली. मग, "माह्या मनात काही नव्हतं, ताई." मी म्हटलं, "मले माहीत हाये. पन तिच्या पोटात हाये ना." त्याचा चेहरा उतरला. त्याने माइकला पुन्हा हात लावला नाही, पण दोन दिवस माझ्याशीही बोलला नाही.

शेठना मी सांगितलं, मुलगी काट्यावरच राहील, तिलाही विचारलंय. सगळं गोड झालं असं नाही. अजून ती नुसता नंबरच सांगते, आणि रांगेतली पोरं अधूनमधून ओरडतात. आज सकाळी मात्र नंबरामागून गावाचं नावही आलं, तिच्याच हेलात. मी मान वर केली नाही. तिला वाटलं असतं, मी ऐकतेय.

हा कागद कुठे टाकणार, मुनीमजी. खणातच राहील. पण त्या मुलीला विचारलेला प्रश्न मला तेव्हा कोणी विचारला असता, तर माझं उत्तर वेगळं होतं. त्या व्यापाऱ्यांसमोर मला लागलं होतं, हे खरं. पण तुम्ही आतल्या खोलीतही गप्प झालात, तेव्हा मला फार चुकल्यासारखं वाटलं. कितीतरी दिवस मी वजनं वाचताना शेवटचा शब्द मुद्दाम लांबवत होते.