उतरलेला खांदा

ता. ६

ती. वन्संना,

सा. न. वि. वि. पत्राला उशीर झाला, रागावू नका. शाळेचे गणवेश संपता संपत नाहीत; मशीनवर बसून पाठीचा पार काटा ढिला झालाय.

तुमच्या मुलाच्या लग्नासाठी तुमच्या भावाने एकदाचा स्वतःला शर्ट शिवायचं कबूल केलं. आजवर आपला जुना शर्ट कापडावर पसरून बेतायचे, पण तो विरून गेलाय. स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही, म्हणून आज टेप माझ्या हाती आली. गळा झाला, छाती झाली, खांद्याशी थबकले. उजवा खांदा चांगला बोटभर खाली आलाय. जन्मभर जड इस्त्री त्याच हाताने! रोज शेजारी बसते मी, पण नजर सुईत.

गिऱ्हाइकाचा खांदा उतरलेला असला तर हे त्याला तसं सांगत नाहीत, गुपचूप बेत बदलतात. मीही गप्प राहिले. ते कॉलरचं कॅनव्हास आणायला गेले. एरवी कापड दुहेरी घालून दोन्ही बाजू एकदम तेच कापतात. माझ्याकडे शिलाई आणि काजं-बटणं. आज मी घडी उलगडली, उजवी बाजू वेगळी आखली. खांदा बोटभर उतरवला, मुंढाही तेवढाच खाली घेतला, नाहीतर काखेत आवळतो. मग कात्री लावली.

कच्चे टाके घालून शर्ट त्यांच्या अंगावर चढवला. जुन्या शर्टाला गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी चुणी पडायची, यात नाही. ते आरशात बघत राहिले. कापड दुहेरी घातलं नव्हतंस ना, एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं. तसेच स्टुलावर बसले. मग म्हणाले, हात केव्हापासून ठणकतोय, इस्त्री उचलवत नाही. पण हात थांबला तर दुकान थांबेल, म्हणून बोललो नाही. त्यांनी खडू माझ्यापुढे सरकवला. उद्याचा कोट तू काप, मी शेजारी बसतो, म्हणाले. आणि लगेच माझे टाके वाकडे आहेत म्हणून करवादले!

लोभ आहेच, तो असाच राहू द्या.

तुमची,
वहिनी

ता. ११

चि. वहिनीस,

अ. उ. आ. वाचून हसावं की रडावं कळेना. लहानपणी पायात काटा मोडला तरी हा भाऊ माझ्यासमोर ताठ चालायचा, आणि मी पाठ फिरवली की लंगडायचा. त्याला डॉक्टरकडे ने. इस्त्रीला हात लावलास तर बहीण येऊन भांडेल, म्हणावं. आणि टाक्यांवरून बोलला, म्हणजे बरा आहे.

लग्नात घालायचं माझं कापड आणून ठेवलंय. तूच काप. चार दिवस आधी या, तेव्हा माप घे. माझंही अंग आता सरळ राहिलेलं नाही. कुठे काय उतरलंय ते मला मात्र तोंडावर सांग. गप्प राहू नकोस.

माया कमी होऊ देऊ नका.

तुझी,
वन्सं